उत्तर: पार्लरच्या पेजवरचे फोटो

>> "लातूरला बहिणीचं पार्लर आहे, पेजवर तिचे फोटो ठेवावेच लागतात. फॉक्स वापरलं की पुरे ना?"

नाही दादा, ताईंच्या फोटोवरून कोणी बनावट चित्र करू नये असं वाटत असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका. फॉक्स हे शिकागो विद्यापीठाचं सॉफ्टवेअर फोटोत सहज न दिसणारा बारीक बदल करतं; ते २०२० मध्ये चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांना चकवण्यासाठी आलं. कोणी तो फोटो घेऊन बनावट चित्र करायला बसला, तर ते त्याला अडवेलच असं नाही. शिवाय फोटो लहान केला किंवा अपलोड करताना दाबला गेला की त्यातला बारीक बदल फिका पडू शकतो. वापरायचंच तर आधी फोटो लहान करा, मग ते लावा.

खरा फरक चेहऱ्याच्या पिक्सेलने पडतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. ४००० पिक्सेल रुंद फोटोत चेहरा ६०० चा असेल, तर फोटो ८०० वर आणूनही चेहरा १२० उरतो. चेहरा बदलणारं एक प्रचलित मॉडेल १२८ च्या चौकटीतच काम करतं, म्हणजे हे त्याला जवळपास पुरतं. म्हणून जवळून काढलेले फोटो टाळा. हात, मेंदी, केसांची मागची बाजू दाखवा; ग्राहकांना तेच बघायचं असतं. ताईंचा दुकानासमोरचा लांबून काढलेला एखादा फोटो पुरे.

घरच्या खात्याचे जुने प्रोफाइल फोटो मात्र आजच 'फक्त मी' करा. फेसबुकचा कव्हर फोटो सगळ्यांना दिसतोच, तिथे चेहरा नको.