प्रश्नावली ‘प्रमाणित’ केली म्हणजे नेमकं काय केलं?

शलाका
पीएच.डी.चं ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण मराठीत लिहितेय. विषय: प्राथमिक शिक्षकांची अवांतर वाचनाविषयीची अभिवृत्ती. प्रश्नावली मीच तयार केली, ७ तज्ज्ञांना दाखवली, नंतर ३२ शिक्षकांकडून भरून घेतली. प्रकरणात सध्या असं लिहिलंय:

“सदर प्रश्नावली तज्ज्ञांकडून प्रमाणित करून घेण्यात आली. तिची विश्वसनीयता ०.८१ आली. म्हणून साधन वैध व विश्वसनीय आहे.”

ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत कुठे सप्रमाणता, कुठे वैधता, कुठे यथार्थता आहे. तिन्ही एकच ना? आणि ‘प्रमाणित’ चालेल का?

तात्या पिंपळगावकर
महाराष्ट्रात ‘व्हॅलिडिटी’ म्हटलं की जात वैधता प्रमाणपत्र! आमच्या पुतण्याची व्हॅलिडिटी पडताळणी समितीकडे अडकली होती, प्रवेशाच्या आदल्या दिवशी हातात आली. तुमच्या प्रश्नावलीलाही कुठल्या समितीचा दाखला लागतो का?

शलाका
तात्या, दाखला नाही लागत हो. मार्गदर्शकांची सही लागते, ती त्याहून अवघड.

कोशवाला
सप्रमाणता, वैधता आणि यथार्थता हे तिन्ही शब्द एकाच कल्पनेसाठी वापरले गेलेत. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘सप्रमाणता’ रुळलेला आहे, मानसशास्त्रात ‘यथार्थता’ही दिसतो. ‘वैधता’ हिंदीतही तोच आहे, शिवाय त्याला कायद्याचा वास येतो. मला ‘यथार्थता’ आवडतो, कारण मोजायचं होतं तेच मोजलं का, हा अर्थ त्यात आपोआप येतो. पण प्रबंधात एकच शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

‘प्रमाणित’ मात्र काढा. या शब्दात दोन अर्थ शिरलेत. ‘प्रमाणित बियाणे’ म्हणजे कुणीतरी तपासून पिशवीला टॅग लावलेलं बियाणं. ‘प्रमाणभाषा’, ‘प्रमाणवेळ’ यांतला ‘प्रमाण’ मात्र ठरवून दिलेला मानदंड. प्रमाणित चाचणी म्हटलं की जाणकार दुसरा अर्थ घेतो: मोठ्या नमुन्यावर वापरून तिचे मानक ठरवलेत, अमुक गुण मिळवणारा शिक्षक इतरांच्या तुलनेत कुठे बसतो हे सांगता येतं. तुम्ही ते केलेलं नाही.

विदा-विनय
कोशवाल्यांशी सहमत. ७ तज्ज्ञांनी प्रश्नावली वाचली म्हणजे आशयाची पडताळणी झाली, एवढंच. तात्यांनी गमतीत काढलेला ‘पडताळणी’ हा शब्दच मला इथे बरा वाटतो. पडताळणी ही क्रिया, सप्रमाणता हा तिच्यातून मिळणारा आधार.

शलाकाताई, तज्ज्ञांनी नेमकं काय केलं? “छान आहे” म्हणून सही केली, की प्रत्येक विधानाला गुण दिले?

शलाका
विनयसर, गुण दिले. मूळ विधानं २४ होती. प्रत्येकाला १ ते ४, म्हणजे ‘अजिबात संबंधित नाही’पासून ‘पूर्ण संबंधित’पर्यंत. ३ किंवा ४ दिलेले किती जण, ते मोजलं. तीन विधानांना ७ पैकी ५ किंवा त्याहून कमी जणांनी मान्यता दिली, ती गाळली. बाकी सगळ्यांना ६ किंवा ७. म्हणजे आता २१ विधानं.

विदा-विनय
मग हे इतकं चांगलं केलेलं काम ‘तज्ज्ञांकडून प्रमाणित’ या दोन शब्दांत का पुरता? ७ पैकी ६ म्हणजे आशय निर्देशांक ०.८६, ७ पैकी ५ म्हणजे ०.७१. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असतील तर ०.७८ ही रूढ किमान मर्यादा आहे. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं, कारण इतक्या थोड्या माणसांत योगायोगानेही मतं जुळतात. तुमची चाळणी या मर्यादेशी जुळते, तेव्हा ती उघड सांगा: तज्ज्ञ किती, कुठल्या क्षेत्रातले, मोजपट्टी काय, किती विधानं का गळली. आणि त्यांनी कुठल्या विधानांचे शब्द बदलायला लावले, हेही.

शलाका
एक ठळक आहे. “मी वाचनाला पुरेसा वेळ देतो/देते व विद्यार्थ्यांनाही प्रवृत्त करतो/करते.” एका तज्ज्ञाने ‘व’ला लाल गोल केला. स्वतः वाचणारा पण मुलांना न सांगणारा शिक्षक कुठे खूण करणार? म्हणून पहिलाच भाग ठेवला.

पण खरी फजिती पुढेच झाली. ३२ जणांकडून भरून घेतल्यावर काहींशी बोलले, तर निम्म्यांनी ‘वाचनाला वेळ’ म्हणजे वर्गातला वाचनाचा तास धरला होता! सातही तज्ज्ञांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

कोशवाला
कारण तज्ज्ञ विषय जाणतात, विधान भरणाऱ्याच्या जागी बसून वाचत नाहीत. म्हणून त्या टप्प्याला मी ‘पूर्वचाचणी’ म्हणतो. काही जण ‘पथदर्शी अभ्यास’ लिहितात, पण त्यात संपूर्ण अभ्यासाची छोटी तालीम येते: नमुना कसा मिळतो, किती वेळ लागतो, विश्लेषण चालतं का. तुम्ही फक्त साधन तपासलंत.

विदा-विनय
मी पथदर्शीच लिहीन. इतका काटेकोर फरक आपल्याकडे कुणी पाळत नाही.

कोशवाला
पाळत नाहीत म्हणूनच सांगतोय.

रोहिणी (नर्सिंग)
आमच्या एम.एस्सी.च्या वेळची गोष्ट. स्तनपानाविषयीच्या ज्ञानाची ३० प्रश्नांची चाचणी आणि अभिवृत्तीची १५ विधानं एकाच फाइलीत होती. सगळ्यांचा मिळून विश्वसनीयतेचा एकच आकडा, अल्फा, काढला आणि तोच लिहिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, “हा आकडा कशाचा?” उत्तर देता आलं नाही. ज्ञानाच्या प्रश्नाला चूक किंवा बरोबर, त्यासाठी केआर-२० हे सूत्र हवं होतं. अभिवृत्तीचा अल्फा वेगळा हवा होता. शलाका, तुझा ०.८१ एकसंध आहे की तुझेही भाग आहेत?

शलाका
आहेत की! १२ विधानं स्वतःच्या वाचनावर, ९ मुलांच्या वाचनाविषयीच्या समजांवर. पण एकत्रच काढला.

प्रसाद_एम
एवढं कशाला? अल्फा ०.७ च्या वर गेला की प्रश्नावली वैध ठरते. विश्वसनीय म्हणजे भरवशाची. आमच्या गावची मुक्कामी एसटी रोज वीस मिनिटं उशिराच येते, पण रोज वीसच. तिच्यावर भरवसा ठेवता येतो, तसंच हे.

विदा-विनय
प्रसाद, तुमच्याच एसटीने तुमचं पहिलं वाक्य खोडून काढलं. ती भरवशाची आहे, पण वेळापत्रकाला धरून नाही. म्हणजे विश्वसनीयता आहे, यथार्थता नाही. एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

आणखी एक. रोज तीच गाडी त्याच वेळी, हे पुनर्चाचणीचं उदाहरण झालं: त्याच शिक्षकांना काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली द्यायची आणि दोन्ही वेळचे गुण जुळतात का बघायचं. अल्फा ते सांगत नाही. एकाच बैठकीत दिलेली उत्तरं एका दिशेने ओढतात का, एवढंच तो बघतो. एका नांगराला जुंपलेले बैल. शलाकाताईंनी एकदाच भरून घेतली आहे, त्यामुळे त्यांनी ‘अंतर्गत सुसंगती’ लिहावं. मोघम ‘विश्वसनीयता’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, दोनदा मोजलंय.

शलाका
बैलांवरून आठवलं. पहिल्यांदा अल्फा ०.३४ आला होता! मी रडायच्या बेतात. ६ विधानं नकारात्मक होती, “अवांतर वाचनामुळे अभ्यासक्रम मागे पडतो” या धाटणीची. त्यांचे गुण उलटे करायचे राहिले होते. उलटे केल्यावर ०.८१.

विदा-विनय
ही चूक ओळखायची खूण SPSS च्या `Item-Total Statistics` या तक्त्यात असते. `Corrected Item-Total Correlation` या स्तंभात ठरावीक विधानांपुढे उणे चिन्ह दिसलं, की आधी गुणांकन तपासायचं. तसं न करता लोक शेवटचा `Cronbach's Alpha if Item Deleted` बघतात आणि विधानं गाळत सुटतात. तुमची सहाच्या सहा चांगली विधानं गेली असती.

आता ०.८१ बद्दल. विधानं २१ आहेत. इतक्या विधानांवर ०.८१ यायला त्यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.१७ च्या आसपास असला तरी पुरतो. त्याच ताकदीची ८ विधानं असती तर अल्फा ०.६२ पर्यंतच गेला असता. म्हणजे आकड्यात संख्याबळाचाही वाटा आहे. भाग वेगळे करून बघा.

शलाका
काढले. स्वतःचं वाचन ०.७९, मुलांविषयीचे समज ०.५८. हा दुसरा आकडा लिहू की लपवू?

रोहिणी (नर्सिंग)
लिही बाई. आज तू नाही लिहिलास तर तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेलच.

विदा-विनय
लिहा. त्या ९ विधानांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात का, ते शब्द वाचूनच बघा. ३२ जणांवर घटक विश्लेषण करायला जाऊ नका. आणि या ३२ जणांच्या उत्तरांवरून तुम्ही विधानं बदलणार, गाळणार, मग त्यांच्यावरचा अल्फा अंमळ आशावादीच असणार. म्हणून मुख्य नमुन्याचा अल्फा पुन्हा काढून तोही द्या. विश्वसनीयता प्रश्नावलीला कायमची चिकटत नाही. त्या त्या गटाकडून मिळालेल्या गुणांची असते.

तात्या पिंपळगावकर
म्हणजे आमच्या पुतण्याची व्हॅलिडिटी बरी. एकदा मिळाली, संपलं.

शलाका
नवा मसुदा:

“२४ विधानांच्या मूळ मसुद्याच्या आशयाची पडताळणी शिक्षणशास्त्र व मराठी भाषा-अध्यापन क्षेत्रांतील ७ तज्ज्ञांकडून चारबिंदू श्रेणीवर करून घेतली. ०.७८ पेक्षा कमी आशय निर्देशांक असलेली ३ विधाने वगळली व एका द्व्यर्थी विधानाची रचना बदलली. उर्वरित २१ विधानांची पूर्वचाचणी मुख्य नमुन्यात समाविष्ट नसलेल्या ३२ शिक्षकांवर घेतली. नकारात्मक विधानांचे उलट गुणांकन केल्यानंतर अंतर्गत सुसंगतीचा क्रॉनबाक अल्फा ‘स्वतःचे वाचन’ या भागासाठी ०.७९ व ‘मुलांच्या वाचनाविषयीचे समज’ या भागासाठी ०.५८ आला. पूर्वचाचणीनंतर ‘वाचनाला वेळ’ या विधानातील संदिग्धता दूर केली. मुख्य नमुन्यावरील अल्फा पुढील प्रकरणात दिला आहे.”

कोशवाला
‘द्व्यर्थी’ नको. त्या विधानाला दोन अर्थ नव्हते, त्यात दोन प्रश्न होते. ‘जोडविधान’ लिहा. दोन अर्थ होते ते ‘वाचनाला वेळ’ला.

प्रसाद_एम
शेवटी “म्हणून साधन वैध आहे” हे कुठे गेलं?

विदा-विनय
काढलं ते बरं केलं. काय काय तपासलं ते वर आलंय, निकाल वाचणारा लावेल.

शलाका
मार्गदर्शकांना दाखवलं. बाकी सगळं पसंत. फक्त म्हणाले, “‘पडताळणी’ काढा, जातीच्या दाखल्यासारखं वाटतं. ‘प्रमाणित’च ठेवा.” उद्या पुन्हा जाणार आहे, ‘आशय सप्रमाणता तपासली’ असं लिहून.