मदत हवी आहे: अपघातानंतरच्या दुसऱ्या चाचणीत मुलाचे गुण घसरले?

ओवीचीआई: मुलगा 9 वर्षांचा. फेब्रुवारीत सायकलवरून पडला, कपाळामागे थोडा रक्तस्राव झाला, ऑपरेशन लागलं नाही. मेमध्ये आणि आता नोव्हेंबरमध्ये न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे चाचण्या झाल्या. चिन्हं भरायच्या चाचणीत (कोडिंग) तेव्हा 35 बरोबर, आता 37. तरी अहवालात गुण 7 चे 6 झालेत! 15 शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात, त्यात पाचव्या फेरीला 9 चे 11 झाले, पण अर्ध्या तासाने मेमध्ये 8 आठवले होते, आता फक्त 6. पोरगं मागे चाललंय का?

सह्याद्री_72: एमआरआय चांगला असेल तर काळजी नको. दर महिन्याला चाचणी करा, आलेख आपोआप दिसेल.

निशिगंधा: दर महिन्याला नको हो. मुलांना यादी पाठ होते, मग गुण सरावामुळे वाढतात. एमआरआय चांगला असला तरी लक्षाची अडचण राहू शकते. ओवीचीआई, 7 आणि 6 हे वयाच्या मुलांशी तुलना करून दिलेले गुण असतात, सरासरी 10. सहा महिन्यांत बाकीची मुलंही वेगवान झाली, तुमचा कमी वाढला. गमावलं काही नाही. शिवाय एका गुणाचा फरक चाचणीच्या चुकीतही बसतो. मला शब्दांचं जास्त महत्त्वाचं वाटतं. 11 शिकून 6 च आठवले. नंतर मोठ्या यादीतून ओळखायला सांगितलं होतं का? तो आकडा बघा.

केदार_नाशिक: आमच्या मुलीचंही लक्ष लागत नाही, अपघात वगैरे काही नाही. मोबाईल बंद केला तर फरक पडेल का?

निशिगंधा: केदार, तो वेगळा प्रश्न आहे, नवा धागा काढा ना.

ओवीचीआई: सापडलं. ओळखण्यात 15 पैकी 13 बरोबर, चुकीचा शब्द एकच.

निशिगंधा: म्हणजे शब्द आत गेलेत, पण स्वतःहून बाहेर काढता येत नाहीत. कपाळामागच्या इजेत असं दिसू शकतं. शाळेत उत्तराचं पहिलं अक्षर किंवा पर्याय दिले तर तो किती सांगतो, हे बाईंना दोन आठवडे टिपून ठेवायला सांगा. दोन्ही चाचण्या कुठल्या वेळेला झाल्या?

ओवीचीआई: मेमध्ये सकाळी दहाला. आता शाळेनंतर, साडेपाचला. मिरगीच्या गोळ्याही तेव्हा चालू होत्या, ऑगस्टपासून बंद आहेत. यादी दोन्ही वेळा तीच होती की दुसरी, ते अहवालात नाही.

निशिगंधा: मग 8 आणि 6 ची तुलना मी तरी करणार नाही. थकवा किती आणि स्मरण किती, हे यावरून सांगता येत नाही. यादीचं विचारून घ्या, आणि पुढची चाचणी सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुसरी यादी वापरून करायला सांगा.

सह्याद्री_72: यादी बदलली तर जुन्या गुणांशी जुळणार कसं?

निशिगंधा: समान अवघड ठरवलेल्या पर्यायी याद्या असतात. पण त्या सेंटरकडे मराठीत आहेत का, ते त्यांनाच विचारायला हवं.

ओवीचीआई: सोमवारी फोन करते. कळलं की इथेच लिहीन.