'सगळ्यासाठी धन्यवाद' नॉर्वेजियनमध्ये लिहिलं आणि समोरून विचारलं, "कोण गेलं?"

मुळाक्षरे
विद्यार्थी अदलाबदलीत दहा महिने नॉर्वेत राहून पुण्याला परतलेल्या एका मुलीचं आभारपत्र तपासतोय. ज्यांच्या घरी राहिली त्यांना पाठवायचंय. मजकूर आधी मराठीत केला, मग नॉर्वेजियनमध्ये. मराठी शेवट होता, "सगळ्यासाठी मनापासून धन्यवाद." शब्दकोश धरून त्याचं झालं 'ताक्क फॉर आल्ट'. ताक्क म्हणजे धन्यवाद, आल्ट म्हणजे सगळं. व्याकरणात खोट नाही. पण एका नॉर्वेजियन बाईंना दाखवलं तर त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" हे असं का, आणि त्या जागी काय लिहावं?
(नॉर्वेजियन शब्द इथे कानाला येतात तसे देवनागरीत देतोय. पत्र अर्थातच त्यांच्या लिपीत जाईल.)

फ्योर्डकाठची
कारण ती ओळ थडग्यावर असते. नॉर्वेत कुठल्याही चर्चच्या आवारात जा. दगडावर नाव, जन्मसाल, मृत्युसाल आणि खाली 'ताक्क फॉर आल्ट'. अंत्यविधीच्या पुष्पचक्राच्या फितीवरही तेच. आपल्याकडे पत्राच्या शेवटी कुणी 'भावपूर्ण' एवढाच शब्द लिहिला, तर पुढचा शब्द आपोआप डोळ्यांसमोर येतो ना, तसं.
उपाय सोपा आहे. वाक्य अर्ध्यावर सोडू नका. 'ताक्क फॉर आल्ट देरे हार यूर्ट फॉर माय', म्हणजे "तुम्ही माझ्यासाठी जे जे केलंत त्या सगळ्यासाठी धन्यवाद". शेपूट जोडलं की थडगं जातं. तरी मी म्हणेन 'सगळं' हा शब्दच नको. दोन नेमक्या गोष्टी लिहा.

ताकभात
तूसन ताक्क म्हणजे हजार ताक ना? मला ही भाषा आवडली. माझ्या मते मूळ संस्कृत 'तक्र'च. पाहुण्याला निघताना ताक द्यायची पद्धत, त्यावरून.

फ्योर्डकाठची
तूसन म्हणजे हजार, तेवढं बरोबर. बाकी ताक तुमचं. 'ताक्क'चं नातं 'तांके'शी आहे, तांके म्हणजे विचार. मनात ठेवणं, त्यावरून आभार.

शुद्धलेखन नाना
म्हणजे त्यांचे आभार मनात आणि आपले डोक्यावर! 'आभार' शब्दातच भार आहे. म्हणून आपल्याकडे आभार 'मानतात', ओझं कबूल करतात. मूळ मराठी मजकुरात 'धन्यवाद' लिहिलं तिथेच घोटाळा झाला. "मी आपली आजन्म ऋणी आहे" असं असतं तर अनुवादही भारदस्त झाला असता.

फ्योर्डकाठची
नाना, झाला असता खरा, पण पोलीस ठाण्यात. ऋणी असण्यासाठी शब्दकोशात 'शुल्दी' सापडतो आणि त्याच शब्दाचा अर्थ 'दोषी' असाही होतो. "याय अर शुल्दी" म्हणजे "मी गुन्हेगार आहे". कृतज्ञतेसाठी 'ताक्कनेम्ली' हा सरळ शब्द आहे, तो चालेल. पण सतरा वर्षांच्या मुलीच्या पत्रात एकदाच. दोनदा आला की सत्काराचं भाषण वाटतं.

मुळाक्षरे
तिच्या मसुद्यात आणखी तीन जागा अडल्यात.
एक, वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणून तिने मोठ्या अक्षराचं 'दी' वापरलंय.
दोन, "तुमची खूप आठवण येते" याचं 'याय हुस्कर देरे' केलंय.
तीन, "माझं तुमच्यावर प्रेम आहे" याचं 'याय एल्स्कर देरे'.

फ्योर्डकाठची
एकेक घेऊ.
ते आदरार्थी 'दी' आता जवळपास मेलंय. दहा महिने ज्यांच्याशी एका टेबलावर जेवलं त्यांना ते लिहिलं, तर बँकेची नोटीस आल्यासारखं वाटेल किंवा मुलगी रुसली असं वाटेल. एकाला 'दू', अनेकांना 'देरे'. पत्र सगळ्या घराला आहे म्हणून सगळीकडे 'देरे'. मराठी माणसाची इथे एक गंमत होते. 'देरे'ला 'तुम्ही' समजून एकट्या आईला लिहिलेल्या ओळीतही तो 'देरे' घालतो. ती मग बघते, माझ्याबरोबर आणखी कोण?
संबोधनही असंच. नात्याचा शब्द नको, नुसतं नाव: 'ह्यॅरे कारी ऊग ऊला'. ह्यॅरे म्हणजे प्रिय.
'हुस्कर' म्हणजे लक्षात असणं. "मला तुम्ही आठवता", म्हणजे विसरले नाही अजून, एवढंच. आठवण येऊन जीव कासावीस होतो त्याला 'साव्नर'. 'याय साव्नर देरे'. आपल्याकडे दोन्हीला 'आठवण'च असल्यामुळे ही चूक मराठीतून जाणाऱ्याची हमखास होते.
'एल्स्कर' प्रियकर-प्रेयसीचं, नवरा-बायकोचं. घरच्यांसाठी 'ग्ला ई'. 'याय अर सो ग्ला ई देरे'. 'ग्ला' म्हणजे आनंदी, पण पुढे 'ई' लागला की अर्थ फिरतो, माया होते. 'ग्ला फॉर' लिहिलं तर पुन्हा नुसता आनंद. एका छोट्या शब्दावर सगळं आहे.

रानवारा
एल्स्करबद्दल इतकं कडक नाही हो. आता मुलं पिझ्झालाही एल्स्कर म्हणतात.

फ्योर्डकाठची
पिझ्झाला म्हणतात, खरंय. पण बोलण्यात उधळलेला शब्द कागदावर वेगळा दिसतो. ज्या घरात 'ग्ला ई' सुद्धा वर्षातून चारदा उच्चारला जातो तिथे तो पुरेसा जड आहे.

कर्वेनगर
माझा मुलगा ऑगस्टमध्ये जातोय. भेटवस्तूसोबत असंच कार्ड द्यायचं आहे. हाच मजकूर चालेल का? आणि श्रीखंडाच्या गोळ्या चालतील का?

मुळाक्षरे
हे परतल्यानंतरचं पत्र आहे. जाताना आभार कशाचे मानणार?

रानवारा
त्यात एक मुद्दा मात्र आहे. पत्र कधी हातात पडतं त्यावर शब्द ठरतो. निघताना दारात 'ताक्क फॉर माय' म्हणतात. शब्दशः "माझ्यासाठी धन्यवाद", म्हणजे "मला ठेवून घेतलंत त्याबद्दल". चिठ्ठी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून निघायचं असेल तर हेच. आणि नंतर पाठवायचं असेल तर 'ताक्क फॉर सिस्त', "गेल्या खेपेबद्दल धन्यवाद". मी तेच सुचवेन.

फ्योर्डकाठची
पहिलं बरोबर, दुसरं अर्धंच. 'ताक्क फॉर सिस्त' एका संध्याकाळच्या जेवणाला, शनिवार-रविवारच्या मुक्कामाला. पुन्हा भेट झाली की पहिलं वाक्य म्हणून. दहा महिन्यांना लावलं तर "परवाचा चहा छान होता" इतकं हलकं होतं. पाहुणचाराचा भला मोठा शब्दही नको, कारण ती पाहुणी नव्हती, भांडी घासत होती.
इथे मराठी उलट कामाला येतं. "मला तुमच्याकडे राहायला मिळालं" हे वाक्य घ्या आणि शब्दावर शब्द ठेवा. 'आत याय फिक्क बू हूस देरे'. फिक्क म्हणजे मिळालं, बू म्हणजे राहायला, हूस देरे म्हणजे तुमच्याकडे. या 'मिळालं'मध्येच कृतज्ञता आहे, दोन्ही भाषांत. 'फिक्क' गाळून "मी राहिले" लिहिलं तर ती हवाच निघून जाते. आणि 'हूस'च्या जागी 'मे', म्हणजे 'सोबत', लिहू नका. भाड्याच्या खोलीतली मैत्रीण वाटेल.

मुळाक्षरे
हे चपखल बसलं. मग असं केलंय:

ह्यॅरे कारी ऊग ऊला,
नो अर याय येम्मे ई पूने. तूसन ताक्क फॉर आत याय फिक्क बू हूस देरे ई ती मोनेदर. ताक्क फॉर आल्ले मातपाक्कने, ऊग फॉर आत देरे लॅर्टे माय ओ गो पो शी. याय फाल्लर फोर्टसाट, मेन नो लेर याय. याय साव्नर देरे. याय अर सो ग्ला ई देरे.
स्तूर क्लेम फ्रा मैत्रेयी

(आता मी पुण्याला घरी आहे. दहा महिने तुमच्याकडे राहायला मिळालं त्याबद्दल हजार धन्यवाद. रोजच्या डब्यांबद्दल आणि मला स्की करायला शिकवलंत त्याबद्दल धन्यवाद. अजून पडते, पण आता हसते. तुमची आठवण येते. तुम्ही फार जवळचे आहात. एक मोठी मिठी.)

फ्योर्डकाठची
झकास. 'नो अर याय' मध्ये क्रियापद दुसऱ्या जागी आलंय ते मुद्दाम जपा. वाक्य 'आता'ने सुरू झालं की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो. 'नो याय अर' ही नवशिक्याची सगळ्यात मोठी खूण. 'मेन नो लेर याय' मध्येही तेच.
'मातपाक्के'चं नुसतं 'डबा' करून बिचाऱ्याचा अपमान झालाय. त्यात पोळीभाजी नसते. पावाचे काप, वर तपकिरी चीज, आणि दोन कापांच्या मध्ये चिकटू नये म्हणून कागदाचा चौकोन. त्या कागदाला स्वतंत्र शब्द आहे, 'मेल्लॉमलेग्सपापीर'. पत्रात "तुम्ही घातलेल्या कागदांबद्दलही" असं आलं तर कारी फ्रिजवर लावेल ते पत्र.
आणि लिपीत लिहिताना 'ए'वरचं वर्तुळ गाळू नका. 'नो', 'मोनेदर', 'ओ', 'गो', 'पो', 'सो' या सहाही शब्दांत आहे. कळफलकावर नसेल तर 'ए' दोनदा लिहा. 'ह्यॅरे'मधलं जोडाक्षर नसेल तर 'ए' आणि 'ई' शेजारी शेजारी.

शुद्धलेखन नाना
सगळं ठीक. पण या कारी-ऊलांना तुम्ही मराठीत काय म्हणता ते आधी ठरवा. 'होस्ट फॅमिली' मी वाचणार नाही. 'यजमान कुटुंब'.

ताकभात
यजमान म्हणजे नवरा. "आमचे यजमान बाहेर गेलेत." मुलगी सतरा वर्षांची, नॉर्वेत यजमान आहेत म्हणाली तर आजीला चक्कर येईल.

शुद्धलेखन नाना
यजमान म्हणजे यज्ञ करणारा. नवरा हा नंतरचा अर्थ. वापर बिघडला म्हणून शब्द टाकायचा?

रानवारा
त्यांच्याकडे 'वॅर्ट्सफामिल्ये'. 'वॅर्ट' म्हणजे ज्याच्याकडे उतरायचं तो, खाणावळवालाही वॅर्टच. आपल्याकडे 'उतारघर' करता येईल.

कर्वेनगर
'पालक कुटुंब' का नको?

शुद्धलेखन नाना
पालक जिवंत असताना?

मुळाक्षरे
पत्र नॉर्वेजियनमध्ये आहे. त्यात हा शब्दच नाही! मला फक्त शेवट विचारायचा आहे. 'क्लेम' ठेवू की 'वेन्ली हिल्सन'? उद्या टाकायचंय.

फ्योर्डकाठची
वेन्ली हिल्सन म्हणजे 'आपला विश्वासू'. ऑफिसच्या ईमेलखाली असतं. क्लेम ठेवा.

शुद्धलेखन नाना
यजमानांना मिठी?