बिलिंग, औषधसाठा आणि उपकरणखरेदी एकाच सिस्टिममध्ये आणावी का?

प्रशासन विभाग: आमच्या ६० खाटांच्या रुग्णालयात बिलिंग, फार्मसी आणि खरेदी यांची तीन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. महिनाअखेरीला तिन्हींचे आकडे जुळत नाहीत. सगळं एकाच ईआरपीत घ्यावं का? आधी काय नीट करायला हवं?

भांडार सांभाळणारी: घ्या, पण आकडे कुठे फाटतात ते आधी शोधा. आमच्याकडे ते औषध परत येताना फाटत होते. एका रुग्णासाठी इंजेक्शनच्या ६ व्हायल वॉर्डात गेल्या. साठ्यातून ६ वजा, बिलात ६ जमा. चार दिल्यावर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, म्हणून २ व्हायल परत आल्या. नर्सने वहीत लिहिलं, फार्मसीने कपाटात ठेवलं आणि सिस्टिमला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे रुग्णाच्या बिलात न वापरलेल्या दोन व्हायल, कपाटात दोन जास्त आणि खरेदीला मात्र साठा कमी दिसतोय, म्हणून नवीन ऑर्डर.

एकत्र सिस्टिममध्ये परतीची नोंद मूळ नोंदीवरूनच व्हायला हवी: तोच रुग्ण, तीच बॅच, तोच दर. मग एकाच नोंदीने बिल कमी होतं आणि साठा वाढतो. डिस्चार्जचं बिल बंद करण्याआधी वॉर्डाची परत बाकी आहे का, हे सिस्टिमने विचारलंच पाहिजे.

आयटीवाला: माझा विरोध आहे. सगळं एकाच ठिकाणी म्हणजे सर्व्हर बसला की बिलही थांबलं आणि औषधही. तीन चांगली सॉफ्टवेअर ठेवा आणि ती एकमेकांना जोडा.

भांडार सांभाळणारी: भीती खरी आहे. बंद पडल्यावर कागदावर काम कसं करायचं आणि नंतर नोंदी कुणी चढवायच्या, हे ठरवावंच लागतं. पण तीन सॉफ्टवेअर जोडली तरी वस्तूची यादी एकच हवी. फार्मसी व्हायल मोजते, खरेदी खोकं मोजते. १० व्हायलची २० खोकी आली तर साठा २०० व्हायल. माल चढवताना कुणी 'एका खोक्यात १' असं भरलं की साठा दिसतो २० आणि एका व्हायलचा दर लागतो पूर्ण खोक्याचा. ही चूक जोडणीतून जशीच्या तशी बिलापर्यंत पोचते. साठा उणे दिसायला लागला किंवा एखाद्या औषधाचा दर अचानक दहापट झाला, तर सगळ्यात आधी हे तपासा.

फार्मसिस्ट: त्यावर सोपा उपाय आहे. साठा शून्य असेल तर औषध द्यायलाच सिस्टिमने नकार द्यावा. उणे साठा बंद!

रात्रपाळीची सिस्टर: दिवसा ठीक आहे. रात्री दोन वाजता माल कपाटात समोर दिसतोय, पण दुपारी आलेली पावती अजून चढवलेली नाही आणि स्क्रीन म्हणतोय 'नाही'. रुग्णाला औषध तर द्यावंच लागतं. मग लोक दुसऱ्या बॅचच्या नावावर नोंद करतात. पुढे ती बॅच परत मागवायची वेळ आली, तर ती कुणाला दिली हे कळणार कसं? मनाई करण्याआधी माल आल्या आल्या चढवायची सवय लावा. आणि तातडीसाठी वेगळी नोंद ठेवा, जी सकाळी कुणीतरी मिटवेल.

लेखापाल: उपकरणांचा घसारा दरवर्षी नीट लागत नाही, त्याचं काय? मला वाटतं प्रश्न तोच आहे.

प्रशासन विभाग: घसारा नाही हो, खरेदीचा निर्णय. नवे इन्फ्युजन पंप घ्यायचे आहेत, त्याचा फार्मसीशी काय संबंध, हे मला खरंच समजत नव्हतं.

भांडार सांभाळणारी: इथेच तर खरा संबंध आहे. पंप ही मालमत्ता. तिला क्रमांक, वॉरंटी, देखभालीच्या तारखा लागतात. ती गोळीसारखी साठ्यातून वजा होत नाही. पण बऱ्याच पंपांना त्यांच्याच कंपनीचा ट्यूबिंग सेट लागतो आणि तो रोज संपतो. आमच्याकडे पंप बदलले तेव्हा जुन्या सेटचे ३०० नग भांडारात पडून राहिले. खरेदी समितीला पंपाची किंमत दिसत होती, सेटचा साठा आणि खप दिसतच नव्हता. यादीत प्रत्येक सेटसमोर 'कोणत्या पंपासाठी' हे लिहिलेलं असतं, तर जुने सेट संपेपर्यंत दोन जुने पंप ठेवले असते.

आयटीवाला: हे पटलं, वस्तूची यादी एकच हवी. तरी सॉफ्टवेअर एकच असावं, हे मी मानत नाही.

लेखापाल: आणि त्या यादीत नवी वस्तू कोण घालणार? फार्मसी म्हणते आम्ही, खरेदी म्हणते आम्ही. आमच्याकडे एकच हातमोजा चार नावांनी आहे.

भांडार सांभाळणारी: आमच्याकडे एकाच व्यक्तीला तो अधिकार आहे. ती रजेवर गेली की अडतं, हेही खरं.