गाडीवरचं चिकन लॉलीपॉप की पाणीपुरी? पोटात कळा, मळमळ. ३०० रुपयांत काय घेऊन ठेवू?

पीजीतला_पुणेकर
नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री ९ वाजता चायनीजच्या गाडीवर चिकन लॉलीपॉप आणि फ्राइड राइस खाल्ला. लॉलीपॉप हाडाजवळ जरा कच्चट लागला होता. सोमवारी संध्याकाळी ७ ला पाणीपुरी. मंगळवारी पहाटे ४ पासून बेंबीभोवती पिळवटून कळा, मळमळ, एक उलटी, दुपारपर्यंत पाच वेळा पातळ संडास. ताप १००.८. रक्त नाही. पाणीपुरीनेच झालं असणार, पण नऊ तासांत इतकं होतं का? आणि ३०० रुपयांच्या आत मेडिकलमधून काय आणू? उरलेलं पुढे रूमवर कायम ठेवायचं आहे.

धायरीची_माई
अरे बाळा, आधी गाडीवरचं खाणं बंद कर. ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्याबरोबर घे, दोन तासांत आराम पडेल. आमच्याकडे सगळ्यांना त्यानेच बरं वाटतं. आणि रूमवर आरओ बसवून घ्या. चांगला बाराएक हजारांत येतो, तिघांत वाटून घ्या.

ठाण्याचा_खवय्या
पाणीपुरीने काही होत नाही. चिंच, लिंबू, आमचूर एवढं आंबट पाणी असतं, त्यात जंतू जगत नाहीत. दोष फ्राइड राइसचा. दुपारचा भात रात्री परततात, त्यानेच होतं हे.

प्लेट_आणि_पेट्री
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. खवय्यांचं भाताबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण या केसला लागू पडत नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात घमेल्यात ढीग करून तासन्‌तास उबदार राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे रात्री मोठ्या आचेवर कितीही परतलं तरी तसंच राहतं. पण त्याची उलटी खाल्ल्यावर एक ते सहा तासांत सुरू होते, ताप सहसा नसतो आणि दिवसभरात सगळं आटोपतं. याच भाताने जुलाब होण्याचाही एक प्रकार आहे, तोही पंधरा-सोळा तासांच्या आत सुरू होतो. इथे शनिवारची रात्र ते मंगळवारची पहाट म्हणजे ५५ तास झाले.

आता पाणीपुरी. पाण्यातून येणाऱ्या इ. कोलायला सहसा एक ते तीन दिवस लागतात, नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास. नऊ तास त्या मानाने घाईचे. साल्मोनेला सहा तासांतही उठू शकतो, म्हणून पाणीपुरी पूर्ण सुटली असं म्हणणार नाही. पण कच्च्या चिकनमधला कॅम्पायलोबॅक्टर दोन ते पाच दिवस घेतो, आणि ताप, बेंबीभोवती पिळवटणं, मग जुलाब हा त्याचाच नेहमीचा क्रम. शेवटचं जे खाल्लं त्यालाच सगळे दोष देतात आणि खरं कारण दोन जेवणं मागे असतं.

तीन गोष्टी सांगा: लॉलीपॉप आणखी कोणी खाल्ला? पाणीपुरीला सोबत कोण होतं? अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेता का?

पीजीतला_पुणेकर
लॉलीपॉप मी आणि ऑफिसमधला मित्र. त्याचंही सोमवारी रात्रीपासून पोट बिघडलंय. रूममेटने फक्त राइस खाल्ला, तो ठीक आहे. पाणीपुरी रूममेट आणि मी एकाच भैयाकडे खाल्ली. अ‍ॅसिडिटीची गोळी दोन महिने रोज सकाळी उपाशीपोटी घेतोय.

प्लेट_आणि_पेट्री
मग बोट लॉलीपॉपकडेच जातं. राइस आणि पाणीपुरी दोन्ही खाल्लेला माणूस ठीक आहे, लॉलीपॉप खाल्लेले दोघेही आजारी. दोन माणसांवरून पक्कं ठरत नाही, तरी माझा कल तिकडेच.

गोळीचं का विचारलं, तर पोटातलं आम्ल ही आपली पहिली चाळणी. ती गोळी आम्ल कमी करते, म्हणून एरवी जठरातच मेले असते असे जंतू आतड्यापर्यंत जिवंत पोचतात. कॅम्पायलोबॅक्टरचे तसेही काहीशे जंतू पुरतात. ते आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथे सूज येते, सुजलेलं आतडं आवळतं ती कळ, आणि तिथल्या नसा मेंदूला इशारा देतात ती मळमळ. गोळी का आणि किती दिवस घ्यायची ते ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा, मनानेच बंद करू नका.

खवय्ये, आंबट पाण्याबद्दल: आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, पण आधीच पडलेले सगळे मरतात असं नाही. नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस ए तर जठराचं आम्ल ओलांडून जातात, चिंचेचं काय घेऊन बसलात. शिवाय भैया तोच हात मडक्यात घालतो, त्यामुळे पाणी दर प्लेटला नव्याने खराब होतं.

ठाण्याचा_खवय्या
हातमोजे घालणारे भैयाही आहेत हो. मी त्यांच्याकडेच खातो. आणि बर्फ निळा नसला म्हणजे झालं.

गल्लीतला_फार्मासिस्ट
हातमोज्यांनी तोच भैया पैसे घेतो आणि परत पुरी फोडतो. बर्फाचं म्हणाल तर खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा एफडीएचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण पांढरा बर्फ स्वच्छ पाण्याचाच असेल असं त्यावरून ठरत नाही.

मूळ प्रश्नाचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. ३०० रुपयांत हे घ्या: ओआरएसची मोठी पाकिटं सहा, साधारण वीस-पंचवीस रुपयांना एक. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं आणि एक लिटरसाठीचं बघून घ्या. वजन २०.५ ते २१ ग्रॅमच्या आसपास असतं. खोक्यातली तयार गोड पेयं घेऊ नका, त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असतं. पॅरासिटामॉलची एक पट्टी. बास.

अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्ये घाला. बरेच जण चव यावी म्हणून ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकतात. ते इतकं घट्ट होतं की आतडं पाणी शोषण्याऐवजी उलट सोडतं आणि जुलाब वाढतात. आतड्यात साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात, सगळी करामत त्या प्रमाणाची. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. घटाघट प्यायलात की परत बाहेर. पाकीट नसेल त्या रात्री एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

सॅनहोजेची_सई
इथे आम्ही प्रोब थर्मामीटर वापरतो. चिकनच्या आत ७४ अंश सेल्सियस झालं की झालं. भारतात ऑनलाइन हजाराच्या आत मिळेल. गाडीवर नेलात तरी खिशात मावतो.

गल्लीतला_फार्मासिस्ट
बजेट ३०० आहे ताई.

प्लेट_आणि_पेट्री
सईंचा आकडा बरोबर आहे, पण गाडीवर थर्मामीटर कोण खुपसणार? त्यापेक्षा गाडीवर काय चालतं ते बघा. लॉलीपॉप दुपारी अर्धे तळून परातीत ठेवतात आणि ऑर्डर आली की दोनेक मिनिटं परत तेलात सोडतात. मधल्या तासांत ते ना गरम ना गार. आतला तुकडा बर्फात घट्ट झालेला असेल तर बाहेरचं आवरण करपतं तरी हाडाजवळचं मांस पुरतं तापत नाही. एरवी गुलाबी दिसलं असतं, पण लाल रंग सगळं झाकतो. म्हणून हाडापाशी तोडून बघा: मांस हाडाला चिकटलेलं, रबरासारखं, मधे कोमट असेल तर प्लेट परत करा. दुसरं म्हणजे फळी. ज्या फळीवर कच्चं चिकन कापलं तिच्यावरच वरून भुरभुरायचा कोबी कापला, तर चिकन नीट तळूनही उपयोग नाही, कारण कोबी कच्चाच जातो.

सिंहगड_रोडकर
हा कॅम्पायलोबॅक्टर म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएसवाला जंतू ना? २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे किरकटवाडी, नांदेड, धायरीत लोक व्हेंटिलेटरवर गेले. तेव्हा चिकनमुळेच झालं होतं. आजच अँटिबायोटिक सुरू करा, थांबू नका. मेडिकलवाला कॉम्बिनेशनची गोळी देतो, पाच दिवसांचा कोर्स. मी तेच घेतो, दुसऱ्या दिवशी उभा.

प्लेट_आणि_पेट्री
जंतू तोच. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस सापडला होता. पण तो चिकनमधून आला की पाण्यातून, यावर बराच वाद झाला, आणि भाग बघता पाण्याकडे संशय जास्त होता. चिकनमुळेच झालं असं लिहू नका. हा त्रास झालेल्या हजारांत एखाद्यालाच जीबीएस होतो, म्हणून घाबरू नका, फक्त खूण लक्षात ठेवा: जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत मुंग्या येऊन जिना चढताना पाय लटपटायला लागले तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर बहुतेकांना त्याशिवायच आठवड्याभरात बरं वाटतं. दुकानात मिळणारी ती जोडगोळी ज्या गटातली आहे, त्या गटाला आपल्याकडचा कॅम्पायलोबॅक्टर बहुतेक वेळा जुमानत नाही. गरज असेल तर डॉक्टर दुसरं देतील.

धायरीची_माई
टायफॉइड नसेल ना? रक्ताची विडाल टेस्ट करून घे रे, एकदाचं कळेल.

गल्लीतला_फार्मासिस्ट
माई, टायफॉइडला सहसा एक-दोन आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात विडालवर विसंबता येत नाही, तेव्हा रक्ताचं कल्चर बघतात. आणखी एक, संडास बांधणारी गोळी ताप असताना किंवा रक्त पडत असताना घेऊ नका. जंतू आतच कोंडतात.

थांबायचं नाही असं कधी, तर संडासात रक्त, ताप १०२ च्या वर किंवा तीन दिवसांहून जास्त, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही टिकत नाही, किंवा कळ बेंबीवरून सरकून उजवीकडे खाली ठाण मांडून बसली. शेवटचं अपेंडिक्सही असू शकतं, आणि हा जंतू त्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे घरबसल्या ठरवता येत नाही.

पीजीतला_पुणेकर
सगळ्यांचे आभार. अपडेट: सहा ओआरएस आणि पॅरासिटामॉल आणलं, १७० रुपये झाले. काल रात्रीपासून चमच्या-चमच्याने घेतोय, उलटी नाही, लघवी व्यवस्थित. ताप ९९.४. कळा अजून आहेत. ओव्याने मळमळ वाढली म्हणून सोडला. अँटिबायोटिक घेत नाही. मित्राचा शौचाचा रिपोर्ट आला, कल्चर नॉर्मल. म्हणजे चिकन सुटलं का?

आणि पाणीपुरी मी सोडणार नाही. चिकन गाडीवर बंद.

ठाण्याचा_खवय्या
बघा! मी सांगत होतो पाणीपुरीचं काही नाही.

प्लेट_आणि_पेट्री
सुटलं नाही. कॅम्पायलोबॅक्टरला कमी ऑक्सिजन, ४२ अंश तापमान आणि वेगळं माध्यम लागतं. पुष्कळ लॅब नेहमीच्या कल्चरमध्ये तो शोधतच नाहीत. रिपोर्टवर कोणते जंतू तपासले ते लिहिलेलं असतं, त्यात याचं नाव आहे का बघायला सांगा. नसेल तर या नॉर्मलने काहीच सिद्ध होत नाही. पाणीपुरीला माझा विरोध कायम आहे. खायचीच तर पाणी सोडून गरम रगडा भरलेली, आणि निदान जुलाब थांबेपर्यंत थांबा.

गल्लीतला_फार्मासिस्ट
कालवलेलं ओआरएस २४ तासांनी फेकून नवं करा. बाटली आधी साबणाने धुवा. आणि बरे होईपर्यंत रूममेटसाठी चहा, मॅगी काही करू नका, एकच संडास वापरत असाल तर नळाची तोटीही धूत जा.