तासभर पेडल मारून घराला किती वीज मिळेल?

रानवाट: जिमची सायकल तासाला 500 कॅलरी दाखवते. युनिटमध्ये मोजलं तर अर्ध्याहून जास्तच भरतं. मग जुनी सायकल स्टँडवर घेऊन, मोटर जोडून रोज तासभर मारली तर महिन्याला 15 युनिट तरी मिळतील ना?

चक्रधर: ते 500 म्हणजे शरीराने जाळलेलं अन्न. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. पेडलवरचा हिशेब जोर आणि वेगाच्या गुणाकाराने करा. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 17 सेंटिमीटरची आणि मिनिटाला 60 फेरे असतील, तर पाऊल सेकंदाला 1.07 मीटर सरकतं. फिरण्याच्या दिशेने सरासरी 70 न्यूटन, म्हणजे साधारण 7 किलो वजनाइतका जोर लावलात तर 75 वॅट होतात. 7 किलो ऐकायला किरकोळ वाटतात, पण क्रँक उभी असते तेव्हा दाबाचा काही उपयोग होत नाही, म्हणून ती आडवी असताना दीडपटीहून जास्त रेटावं लागतं, आणि तेही तासभर न थांबता. रोजची सवय नसलेल्या माणसासाठी मी 75च धरेन.

घाटचढ: 75 फारच कमी धरलेत. नियमित चालवणारे तासभर 150 सहज देतात. खरी गळती जोडणीत होते. लोक भंगारातून गाडीचा अल्टरनेटर आणतात. त्याला स्वतःचं चुंबकत्व उभं करायलाच 30-40 वॅट लागतात, शिवाय फेरे फार जास्त हवेत. त्यापेक्षा ई-स्कूटरची 24 व्होल्ट, 250 वॅटची कायम चुंबकाची ब्रशवाली डीसी मोटर घ्या. पुढे 44 दात, मागे 18 असतील तर 60 फेऱ्यांना मागचं चाक 147 फिरतं. टायरला टेकलेला 5 सेंटिमीटरचा रोलर मग 1900च्या आसपास जातो आणि 12 व्होल्टची बॅटरी भरण्याइतका दाब मिळतो. रोलर घसरत असेल तर टायर गरम लागतो आणि काळी भुकटी पडते. तसं दिसलं तर टायर काढून रिमवर पट्टा चढवा.

चक्रधर: मोटर बरोबर सांगितलीत. पण पट्ट्यात दहावा भाग, मोटरमध्ये चौथा, डायोड आणि तारांत आणखी थोडा जातो, म्हणजे 75चे 48 उरतात. शिसाच्या बॅटरीत साठवून इन्व्हर्टरने परत काढले तर प्लगवर 33. तासाला 0.033 युनिट, म्हणजे एका युनिटला 30 तास. तुमचे 150 धरले तरी 15 तास. जर्मनीचा ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फर्स्टेमान याने 700 वॅटचा टोस्टर पेडलवर चालवला होता. एक पाव भाजून झाला तेव्हा वीज भरली 0.021 युनिट, आणि तो जमिनीवर आडवा झाला होता.

तिसरा_गिअर: माझ्या ई-सायकलची बॅटरी 360 वॅट-तासांची आहे. स्टँडवर पेडल मारून भरेल का? चालवताना तर काहीच भरत नाही.

घाटचढ: 48 वॅटने साडेसात तास. चालवताना भरत नाही कारण गिअर असलेल्या हब मोटरमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, पुढे जाताना चाक मोटरला फिरवतच नाही. स्टँडवर भरायची तर त्या बॅटरीच्याच व्होल्टेजचा चार्जर मध्ये हवा, मोटर थेट जोडू नका.

विहीरकाठ: वीज करायचीच कशाला? 1000 लिटर पाणी 10 मीटर वर चढवायला शुद्ध काम 0.027 युनिट लागतं. पेडलने थेट पंप फिरवला आणि 75तले 45 वॅट पाण्याला लागले तर 36 मिनिटांत टाकी भरते. ग्वाटेमालात माया पेडलवाले जुन्या सायकलींपासून अशीच पंपाची, दळणाची यंत्रं करतात. फक्त पंप पाण्याच्या जवळ बसवा. 7 मीटरपेक्षा खालून पाणी ओढायला गेलात की धार तुटते.

रानवाट: पण रात्री लाइट गेल्यावर पंपाचा काय उपयोग? 9 वॅटचे दोन एलईडी दिवे आणि फोन एवढंच हवं असेल तर?

घाटचढ: मग 48 वॅट भरपूर झाले. डीसी दिवेच घ्या, इन्व्हर्टर नको. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये डायोड विसरू नका, नाहीतर पाय थांबले की बॅटरीच मोटर फिरवते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. फोन मोटरच्या तारांना थेट लावू नका. भार एकदम सुटला की व्होल्टेज 20च्या वर उसळतं.

चक्रधर: दिव्यांपुरतं मान्य. पण त्या तासाचं अन्न, 75-80 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, या हिशेबात कोणी धरलेलं नाही.

विहीरकाठ: ती भाकरी जिममध्येही जळणारच होती, मग ती विजेच्या खात्यावर का टाकायची?