खांब क्र. ७ आणि स्ट्रक्चरल ऑडिट: सचिवांच्या पत्रावरून नेरुळच्या एका सोसायटीतली चर्चा

सचिव
समितीच्या सर्व सदस्यांस, आपण राहायला येऊन तीस वर्षं झाली. पार्किंगमधल्या खांब क्र. ७ ला उभी भेग गेली आहे, बी विंगच्या जिन्यात स्लॅबचे पोपडे पडतात. येत्या रविवारच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिट करून घेण्याचा ठराव मंजूर करावा, ही विनंती.

कुलकर्णी, ए-४०३
सचिवसाहेब, पत्र वाचता वाचता चहा गार झाला. २०२२ ला रंगकाम केलं, भेगा भरल्या, तेव्हा कंत्राटदाराने काँक्रीटची ताकद मोजायचा हॅमर मारून दाखवला होता. आकडे माझ्या वहीत आहेत, जवळजवळ सगळे खांब ३५ च्या वर. इतक्यात काँक्रीट सडलं? आणि तीस वर्षं कुठली मोजता? राहण्याची परवानगी, ओसी, १९९८ ची आहे. मग घाई कुणाला आहे?

मेहुण्याची ठाण्यातली सोसायटी बघा. तिथेही असंच गोड पत्र आलं होतं. ऑडिटरने दुरुस्ती सुचवली, देखरेखही त्यानेच घेतली आणि फी ठरली दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्क्यात. खर्च वाढणारच, न वाढेल तर नवल! पुढच्या रिपोर्टात इमारत थेट सी-१, म्हणजे पाडायच्या यादीत, आणि महिन्याभरात बिल्डर दारात. मेहुणा अजून भाड्याच्या घरात आहे. इमारत वयाने पडत नाही हो. २०१३ ला शिळफाट्याला पडली ती बांधून पुरीही झाली नव्हती, ७४ माणसं गेली. तिला कुठली तीस वर्षं झाली होती?

तन्वी, ए-१०४
म्हणजे रिडेव्हलपमेंट नक्की झालं का? आम्हाला जास्तीची जागा किती मिळणार? शिफ्टिंगचं भाडं कधीपासून?

कुलकर्णी, ए-४०३
बघा! ठराव व्हायच्या आधीच सामान बांधायला घेतलं.

पाटील, बी-१०१
काका, टक्क्याच्या फीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी बावीस वर्षं दुरुस्तीच्या साइटवर काढलीत, हे प्रकार डोळ्यांनी पाहिलेत. ऑडिट एकाकडून ठरलेल्या रकमेत करून घ्यावं आणि दुरुस्तीची देखरेख दुसऱ्याला द्यावी.

पण वहीतला ३५ चा आकडा विसरा. हॅमर फक्त वरच्या कातडीला टोला मारतो. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो, त्याने पृष्ठभाग उलट कडक होतो आणि हॅमर आतल्यापेक्षा बरेच जास्त दाखवतो, कधी दीडपटही. म्हणजे तुमच्या ३५ ने खांब चांगला ठरत नाही. आणि त्याच मुरण्याने काँक्रीटचा अल्कलीपणा जातो, तो गेला की सळईला गंजापासून वाचवणारं काही उरत नाही. त्यात आपण खाडीजवळ.

शनिवारी मी खांब ७ ला नाण्याने ठोकत गेलो. जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत पोकळ आवाज येतो, वर भरीव. भेग सळईच्या रेषेत उभी आहे, म्हणजे गंज फुगून काँक्रीट आतून ढकलतोय. सचिवांना विचारून एक सुटा पोपडा काढला आणि आतल्या ताज्या भागावर फिनॉल्फथॅलीन मारलं. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. इथे वरून ३० मिमीपर्यंत रंगच आला नाही, आणि सळई २५ मिमीवरच आहे. तारेच्या ब्रशने साफ करून व्हर्नियर लावला तर २० मिमीची सळई १७ भरली. तीन मिमीच ना, असं वाटेल. पण भार क्षेत्रफळ घेतं आणि ते जवळजवळ २८ टक्के कमी झालंय. सळयांभोवतीच्या रिंगा तर काही ठिकाणी खिळ्याएवढ्या.

२०२२ ला याच भेगेवर साधा सिमेंट-वाळूचा लेप चढवला होता. आतला गंज तसाच राहिला, वर फक्त मेकअप.

आणि वय ओसीवरूनच मोजायचं असं नाही. महापालिका कायद्याचं तीस वर्षांपुढच्या इमारतींच्या ऑडिटचं कलम २६५-अ आहे, त्यात ओसी किंवा निम्मी इमारत वापरात आली ती तारीख, यातली जी आधीची ती धरतात. माझ्या बाबांनी ताबा घेतला १९९४ ला आणि तेव्हा दोन्ही विंग भरलेल्या होत्या. उपविधींनुसार तर पंधराव्या वर्षापासून दर पाच वर्षांनी ऑडिट व्हायला हवं होतं, तिशीनंतर दर तीन. आपण एकदाही केलेलं नाही.

सावंत वहिनी, बी-२०२
खांब राहू द्या हो बाजूला. माझ्या बाथरूमचं छत पावसाळा असो नसो गळतंय, बीमवर पांढरे ओघळ आलेत. गेल्या महिन्यात मुलगा आंघोळ करत होता आणि ताटाएवढा पोपडा खांद्यावर पडला. वरचे महाडिक म्हणतात, आमचा काही संबंध नाही! मग पाणी काय गच्चीवरून उडी मारून येतं?

महाडिक, बी-३०२
वहिनी, नावं घेऊन बोलू नका. माझी टाइल्स नवी आहेत, २०१९ ला लावली. गळती तुमच्या भिंतीतल्या पाइपची आहे. मी एक रुपया देणार नाही.

सावंत वहिनी, बी-२०२
नवी टाइल्स जुनीवरच चिकटवलीत ना? आणि पाणी जायच्या नहाणी ट्रॅपची जागा सरकवली, हे प्लंबरनेच सांगितलं मला.

पाटील, बी-१०१
महाडिकसाहेब, जुन्यावर नवी लावली असेल तर खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव तसाच राहिला. तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो आणि वर्षभर बीमला पाजतो. कुणाचं खरं ते लगेच कळेल. नहाणी बुजवून फरशीवर दोन बोटं रंगीत पाणी २४ तास साठवा. खाली रंग उतरला तर प्रश्न संपला. नाही उतरला तर पाइप उघडू.

महाडिक, बी-३०२
२४ तास? घरात आई आजारी आहे, आम्ही आंघोळ कुठे करायची? तुमच्या घरी?

सावंत वहिनी, बी-२०२
माझ्या घरी करा! रोज वरून पाणी मिळतंच आहे.

कुलकर्णी, ए-४०३
पत्र खांबाचं आणि भांडण नहाणीचं. पाटील, एक सांगा. ऑडिट केलं आणि सी-१ आलं तर? आमची पेन्शन भाड्यात घालवायची?

पाटील, बी-१०१
सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२-ब मध्ये राहून दुरुस्ती होते. एका खांबावरून आणि काही बीमवरून मी कुठलाच अंदाज बांधणार नाही. बाकीच्या खांबांना हाफ-सेल लावून बघावं लागेल. तांबं आणि मोरचुदाचा कांडा काँक्रीटवर फिरवतात आणि आत गंज चालू आहे का ते मिलिव्होल्टमध्ये दिसतं. उणे ३५० च्या पलीकडे गेलं तर गंज जवळपास नक्कीच धरा. उणे २०० ते ३५० मध्ये काही ठाम सांगता येत नाही, तिथे काँक्रीटचा गोल तुकडा, कोअर, कापून काढून बघायचं. पण त्यात सळई कापली जाऊ नये म्हणून आधी तिची जागा शोधून घ्यायची, नाहीतर ऑडिटरच खांब कमजोर करून जाईल. हेही पाहिलंय.

आणि शिळफाट्याची तुमची गोष्ट बरोबर, पण ४ ऑगस्ट २०१५ ला नौपाड्यात जी पडली ती जुनीच इमारत होती, बारा माणसं गेली.

कुलकर्णी, ए-४०३
ठीक आहे. वहीतले आकडे फाडून टाकतो, एवढं समाधान पुरे ना? पण माझ्या अटी लिहून घ्या. ऑडिटर महापालिकेच्या यादीतला हवा, फी ठोक हवी, दुरुस्तीशी त्याचा संबंध नको, आणि हाफ-सेल फिरवताना मी खुर्ची टाकून शेजारी बसणार. प्रत्येक आकडा मी लिहिणार.

तन्वी, ए-१०४
म्हणजे शिफ्टिंग नाही का?

सचिव
अटी ठरावात घालतो. खांब ७ च्या चारी बाजूंनी उद्या टेकूचे प्रॉप लागतील, तेव्हा शेजारच्या दोन गाड्या रात्रीच काढून ठेवा. त्यातली पांढरी कुलकर्णी काकांची आहे.

महाडिक, बी-३०२
आणि नहाणीचं?

सावंत वहिनी, बी-२०२
बुधवारी बुजवा. बादली-मग दोन्ही मी देते.